दहा दिवसांत बाळाचं वजन घटलं?

*मॅडम, माझं सासर कराडजवळ आणि माहेर तासगाव तालुक्यात. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेय. निघायच्या आधी कराडला सोनोग्राफी केली, तेव्हा ३५ आठवडे ५ दिवस झाले होते आणि बाळाचं वजन २७२३ ग्रॅम आलं. इथं आल्यावर सांगलीत नाव नोंदवलं. दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी झाली, तर वजन २५६१! पर्सेंटाइल ४७ होतं, ते १० झालं. पाणी पुरेसं आहे असं लिहिलंय, बाळही छान फिरतंय. सासूबाई फोनवर म्हणतात, माहेरी जाऊन बाळ वाळलं. आई ते मनाला लावून घेते आणि मला तूप, प्रोटीन पावडर खाऊ घालते. मिस्टर म्हणतात, आता वाट बघायला नको, सिझर करून घेऊ. खरं वजन कोणतं धरायचं? दोन्ही रिपोर्टचे फोटो सोबत पाठवतेय.*

फोटो पाठवलेत हे बरं केलंत. घरात सगळे रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवरून भांडतायत. मी त्या ओळीवर हात ठेवला आणि वरची मापं वाचली.

कराडच्या कागदावर डोक्याचा घेर, म्हणजे HC, ३२.० सेंटिमीटर आहे. सांगलीच्या कागदावर ३२.२. मांडीच्या हाडाची लांबी, FL, आधी ६.८ आणि नंतर ६.९. दोन्ही थोडी थोडी वाढलीत, वाढायला हवीत तशी. आता पोटाचा घेर बघा, AC म्हणून छापलेला. कराडला ३२.०, सांगलीला ३०.४. डोकं वाढलं, हाड वाढलं आणि पोट मात्र १६ मिलिमीटरनं आत गेलं. तुमच्या घरातलं सगळं रडगाणं या एका आकड्यातून निघालंय.

बाळाला वारेतून पुरवठा कमी पडू लागला तर सगळ्यात आधी पोटाचीच वाढ मंदावते, हे खरं आहे. यकृतात साठा कमी होतो, कातडीखालची चरबी धरत नाही. म्हणून आम्ही डॉक्टर AC कडे डोळे लावून बसतो. पण मंदावणं वेगळं, आणि चालू असलेल्या वाढीतून दहा दिवसांत दीड सेंटिमीटर घेर आटणं वेगळं. पाणी पुरेसं असताना, बाळ फिरत असताना असं दिसलं, तर माझा पहिला संशय बाळावर जात नाही, मापावर जातो. कराडचं माप जास्त आलं की सांगलीचं कमी, हे कागदावरून सांगता येणार नाही. बहुतेक दोन्हीकडं थोडं थोडं चुकलंय.

सोनोग्राफीच्या मशीनमध्ये काटा नसतो. हे सांगायची गरज वाटू नये, पण रिपोर्टवर २५६१ असा शेवटच्या ग्रॅमपर्यंत आकडा छापलेला असतो ना, त्यानं फसायला होतं. तुमच्याकडं उभ्या उसाचा अंदाज कसा काढतात? सरीतले ऊस मोजतात, कांड्या बघतात, जाडी हातात धरून बघतात आणि सांगतात, एकरी पन्नास टन बसेल. जाणता माणूस बऱ्यापैकी जवळ जातो. तरी बिल निघतं ते कारखान्याच्या काट्यावरच. अंदाज सांगणाऱ्यानं ‘एकरी ५० टन ३१२ किलो’ असं सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. मशीन नेमकं तसं सांगतं आणि आपण गप्प बसून ऐकतो.

मशीन करतं ते असं. डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांची मापं घ्यायची आणि सूत्रात घालायची. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये असतं ते सूत्र अमेरिकेत ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेलं आहे. सोनोग्राफीत घेतलेली मापं आणि जन्मल्यावरचं वजन यांचा मेळ घालून काढलेलं गणित आहे ते. तुमच्या बाळाचं मांस किती, चरबी किती, हाडं किती भरीव, याची त्याला काही कल्पना नसते. समान मापाची दोन बाळं त्याच्या लेखी एकाच वजनाची.

तुमच्या दोन्ही रिपोर्टमधली मापं मी त्या सूत्रात घालून पाहिली. कराडची मापं घातली की २७२३ येतात, सांगलीची घातली की २५६१. म्हणजे दोन्ही मशीन हिशेबात चुकलेली नाहीत. आता सांगलीच्या मापांत बाकी काही न बदलता फक्त पोटाचा घेर एक सेंटिमीटरनं वाढवला, ३०.४ चा ३१.४ केला. उत्तर येतं २६९०. एका सेंटिमीटरला जवळजवळ १३० ग्रॅम! मग उलट बाजूनं कराडचा घेर एक सेंटिमीटर जास्त धरला गेला असं समजून ३१.० घातला. उत्तर २५९१. म्हणजे दोन्हीकडं एकेक सेंटिमीटर इकडचं तिकडं झालं असेल, तर हेच बाळ या दहा दिवसांत घटलेलं नाही, शंभर ग्रॅमनं वाढलंय. असंच झालं असं माझं म्हणणं नाही. एवढ्याशा फरकानं गोष्ट उलटी फिरते, एवढंच दाखवायचं होतं.

एक सेंटिमीटर म्हणजे फार वाटतं का? मग हे माप घेताना काय होतं ते बघा. पोटाचा घेर घ्यायला बाळाच्या पोटाचा आडवा छेद पडद्यावर हवा, चांगल्या थापलेल्या भाकरीसारखा गोल. त्यात बाळाचं जठर काळ्या बुडबुड्यासारखं दिसायला हवं, कारण बाळानं पाणी गिळलेलं असतं. नाळेतून आलेली शीर यकृतात वळताना आखूड, वाकलेली दिसायला हवी. पाठीचा कणा नीट आडवा कापलेला आणि दोन्ही बाजूंच्या बरगड्या सारख्या. मूत्रपिंड दिसलं तर छेद खाली गेला, हृदय दिसलं तर वर गेला. छेद तिरका गेला की गोलाचा लंबगोल होतो आणि घेर फुगतो. प्रोब जोरात दाबला तर पोट चपटं होतं. शेवटी डॉक्टर कातडीच्या बाहेरच्या कडेनं रेघ फिरवतात. रेघ थोडी आत गेली तर घेर कमी.

पाचव्या महिन्यात हे सोपं असतं, बाळ पाण्यात मोकळं तरंगत असतं. सदतिसाव्या आठवड्यात ते अंग मुडपून बसलेलं असतं, हात-पाय पोटावर, भोवती पाणी बेताचं. पाठ वर करून असेल तर कण्याची आणि बरगड्यांची सावली नेमकी आपल्याला हव्या त्या कडेवर पडते आणि पोटाची अर्धी कड अंदाजानं पुरी करावी लागते. डोकं ओटीपोटात उतरलं असेल तर त्याचंही माप धड मिळत नाही. त्यात बाळ श्वास घेतल्यासारखी छाती-पोट हलवतं. बाहेर पंधरा बायका नंबर लावून बसलेल्या असतात, हेही आलंच.

माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईला बाळ ३९०० ग्रॅमचं आहे म्हणून सांगितलं. घरच्यांची झोप उडाली, तारीख ठरवून सिझर झालं. बाळ भरलं ३३००. आजीनं बाळ हातात घेतलं आणि मला म्हणाली, ‘डॉक्टरीणबाई, तुमच्या मशीनचा पासंग काढा एकदा.’ रात्री मी जुना प्रिंट काढून बघितला. पोटाच्या छेदात मूत्रपिंडाची कड स्पष्ट दिसत होती आणि गोल चांगलाच लंबगोल होता. मशीनमध्ये पासंग नव्हता, माझ्या हातात होता. तेव्हापासून पोटाचा घेर मी दोनतीनदा घेते आणि सरासरी लिहिते.

आणि सगळं नीट केलं तरी चूक उरतेच. अनुभवी हातानं, चांगल्या मशीनवर घेतलेला अंदाजही साधारण तीनातल्या दोन बाळांत खऱ्या वजनाच्या सातआठ टक्के अलीकडे-पलीकडे पडतो. शंभरातल्या पंचाण्णव बाळांना आत घ्यायचं तर पंधरा टक्क्यांची मुभा द्यावी लागते. तुमच्या २५६१ ला लावून बघा. सातआठ टक्के म्हणजे साधारण २३७० ते २७५०. पंधरा टक्के म्हणजे जवळजवळ २१८० ते २९४५. कराडचे २७२३ या सगळ्यात आरामात बसतात. दोन वेगळी मशीन, दोन वेगळे हात, दहाच दिवसांचं अंतर. यातून वजन वाढलं की घटलं हे ठरवता येत नाही. या आठवड्यांत बाळ साधारणपणे आठवड्याला दीडदोनशे ग्रॅम वाढतं. मापातली चूक त्याहून मोठी असेल तर वाढ तिच्याखाली झाकली जाते. म्हणून वाढ बघण्यासाठी दोन सोनोग्राफींत किमान दोन, शक्यतो तीन आठवडे जाऊ देतात आणि जमेल तर एकाच ठिकाणी करतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सेंटर बदललं. यात तुमचा, तुमच्या आईचा किंवा सासूबाईंचा काही दोष नाही. सासूबाईंना हे मापांचं सांगून पटेल की नाही माहीत नाही. फोनवर वाचून दाखवा, डोकं आणि हाड वाढलेलं आहे.

पर्सेंटाइलबद्दल दोन शब्द. १० याचा अर्थ, याच आठवड्यांच्या शंभर बाळांना वजनानं रांगेत उभं केलं तर तुमचं दहाव्या जागेच्या आसपास. पण रांग कुणाची? मशीनमधला तक्ता बहुतेक वेळा हॅडलॉक यांचाच असतो, टेक्सासमधल्या मुख्यतः गोऱ्या, मध्यमवर्गीय बायकांच्या गरोदरपणांवरून १९९१ मध्ये काढलेला. त्यात सदतीस आठवड्यांची मधली रेघ तीन किलोच्या पुढं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. नंतर आठ देशांतल्या निरोगी बायकांवरून इंटरग्रोथ नावाचे तक्ते तयार झाले, त्यात आपलं नागपूरही होतं. तक्ता बदलला की त्याच वजनाचं पर्सेंटाइल बदलतं. आपली बाळं लहानच असायची म्हणून सोडून द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यातल्या काहींना खरंच पुरवठा कमी पडत असतो आणि ती वेगळी ओळखावी लागतात. रिपोर्टवर तक्त्याचं नाव असतं, ते एकदा वाचा आणि दोन्हीकडं एकच आहे ना बघा.

रांगेतली जागा दिवसांवरूनही ठरते. तुमचे दिवस कशावरून मोजलेत? तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून जी तारीख निघते, ती सगळ्यात भरवशाची. सांगलीच्या रिपोर्टमध्ये वरच्या कोपऱ्यात मशीननं ‘३५ आठवडे ३ दिवस’ असंही छापलंय. ते बघून कुणी म्हणेल, बाळ पावणेदोन आठवडे मागं आहे, किंवा तारीखच पुढं ढकला. दोन्ही करू नका. मशीन आजची मापं बघून सरासरी वय सांगतं. पोटाचं माप कमी आलं तर तेही खाली येणारच. पहिल्या सोनोग्राफीवरून एकदा पक्की केलेली तारीख शेवटच्या सोनोग्राफीवरून बदलत नाहीत.

मग हा रिपोर्ट बाजूला टाकायचा का? नाही. ४७ वरून १० वर आलेला आकडा मापाच्या चुकीमुळं आलेला असला, तरी तसं तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. पण तपासायचं ते वजन नव्हे, पुरवठा. या एकदोन दिवसांतच तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांकडं जा, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि विचारा: ‘डोकं आणि हाड वाढलंय, पोटच कमी आलंय. पोटाचा घेर पुन्हा एकदा घेऊन बघता का? आणि डॉपलर करायची गरज आहे का?’ तुमच्या रिपोर्टमध्ये डॉपलर केलेला दिसत नाही. त्यात नाळेतल्या रक्तवाहिनीतला आणि बाळाच्या मेंदूकडं जाणाऱ्या रक्ताचा प्रवाह बघतात. वार थकलेली असेल तर नाळेत अडथळा वाढलेला दिसतो आणि बाळ आपलं रक्त मेंदूकडं वळवू लागतं. पन्नास-शंभर ग्रॅमच्या वादापेक्षा हे पुष्कळ जास्त सांगून जातं. बरोबर पाण्याचं प्रमाण आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख, म्हणजे एनएसटी.

पोटाचा घेर लगेच पुन्हा घेणं आणि वाढ तपासायला दोन-तीन आठवडे थांबणं, यात विरोध नाही. पहिलं मापाची खातरजमा करायला, दुसरं वाढीसाठी. अर्थात तुमचे दिवस भरत आलेत, तिसऱ्या वाढीच्या सोनोग्राफीला वेळ उरेल असं नाही. म्हणूनच डॉपलरला महत्त्व.

तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यामागची भीती मला कळते. पण समजा नव्या मापातही बाळ लहानच निघालं. तरी लहान बाळ म्हणजे सिझर असं नाही. डॉपलर, पाणी, ठोके ठीक असतील तर डॉक्टर बाळंतपण सदतीस ते एकोणचाळीस आठवड्यांत कधी करायचं ते ठरवतात, आणि बऱ्याचदा कळा आणून नैसर्गिक बाळंतपणाचाच प्रयत्न करतात. प्रवाहात दोष दिसला, ठोके बिघडले, तर गोष्ट वेगळी. मग डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तसं. आणि पोटाचं माप चुकलं होतं असं ठरलं, तर नुसत्या २५६१ या आकड्यासाठी पोट कापून घ्यायचं काही कारण राहत नाही.

आईचं तूप. भाजी-भाकरी, डाळ, अंडी, दूध, जे पचतं ते पोटभर खा. पण या आठवड्यात वाढवलेल्या तुपानं किंवा पावडरीनं पोटाचा घेर सेंटिमीटरनं वाढणार नाही. वारेतून पोहोचत नसेल तर तुम्ही कितीही खाल्लं तरी अडतं. पावडर नकोशी वाटत असेल तर सोडून द्या.

बाळाचं फिरणं मात्र रोज बघा. तुमच्या बाळाची स्वतःची एक सवय असेल, जेवल्यावर नाहीतर रात्री झोपताना जोर करण्याची. ती सवय मोडली, फिरणं नेहमीपेक्षा कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. ‘शेवटी जागा कमी असते म्हणून बाळ कमी फिरतं’ असं शेजारीपाजारी सांगतील, त्यावर विसंबू नका. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी रेटा जाणवतो, पण हालचाल कमी होणं हे जागेवर ढकलून चालत नाही. पाणी गेलं, रक्त दिसलं, तरी तसंच.

ज्यांच्या रिपोर्टवर उलटा आकडा आलाय, ३८००, ४०००, त्यांचीही पत्रं मला येतात. हेच गणित तिकडंही लागू आहे आणि ४००० ला पंधरा टक्के म्हणजे ६०० ग्रॅम होतात. तुम्हाला साखर असेल तर मोठ्या बाळाचा विचार डॉक्टर जास्त गंभीरपणे करतात, कारण अशा बाळाचे खांदे आणि पोट डोक्याच्या मानानं मोठे असतात आणि खांदे अडकण्याची भीती असते. साखर नसेल, तर नुसत्या सोनोग्राफीतल्या चार किलोवरून सिझरची तारीख घेऊ नका. आधी AC कितीदा घेतला ते विचारा.

जाताना फाइलमध्ये सगळ्यात वर तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट लावा, त्याखाली कराडचा, त्याखाली सांगलीचा. माता-बाल कार्डही घ्या. कराडच्या रिपोर्टचा प्रिंट असेल, पोटाचा तो गोल फोटो, तोही न्या. नव्या डॉक्टरांना त्यात जठर दिसतंय की मूत्रपिंड, हे एका नजरेत कळेल.